पान त्रेचाळीस

निपाणीकर सरांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी कॉलेजातल्या बी. एस्सी.च्या पोरांनी त्यांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, त्याचा हिशेब न केलेलाच बरा. इतर कॉलेजांत कसं, प्रयोग करताना चिठ्ठ्याचपाट्यांवर आकडे उतरवायचे आणि घरी जाऊन सुवाच्य अक्षरात ‘फेअर जर्नल’ सजवायचं. सरांना ते फेअर जर्नल दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. “ही प्रयोगाची वही आहे की लग्नाची पत्रिका?” असं म्हणून त्यांनी एकदा एका मुलाची वही खिडकीतून बाहेर भिरकावली होती, ती पिराजी शिपायानं चिंचेखालून उचलून आणली.

सरांची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानांना आकडे घातलेली. टेबलाशी उभं राहून, शाईनं, त्याच क्षणी लिहायचं. तारीख आधी. आकडा चुकला तर एक रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. खोडरबर दिसलं तर खैर नाही. आणि वर्षाच्या शेवटी, सही द्यायच्या आधी, वह्यांची अदलाबदल. एकानं दुसऱ्याची वही तपासायची. तारखा आहेत का, आकडे जसे दिसले तसे पुरते लिहिलेत का, आणि कृतीत काही बदल केला असेल तर तो का नि कधी केला, ते नोंदलंय का. तपासणाऱ्यानं दुरुस्त काही करायचं नाही, फक्त समासात पेन्सिलनं विचारायचं. वहीच्या मालकानं शाईनं उत्तर द्यायचं, खाली त्या दिवशीची तारीख. पेन्सिलचा प्रश्नसुद्धा पुसायचा नाही. शेवटच्या पानावर एकच ठरलेला प्रश्न: आणखी काही नोंदायचं राहिलं आहे काय? सगळे तिथं डोळे मिटून ‘नाही’ लिहायचे.

त्रेपन्न सालच्या मार्चात चिठ्ठ्या टाकल्या आणि श्यामला अळतेकरच्या वाट्याला नऊ नंबरची वही आली. नऊ नंबर म्हणजे जोतीराम भारमल, मुरगूडचा.

मागच्या बाकावरची पोरं खोकली. पोरांना तेवढंच हवं असतं. वर्गात पोरी मोजून दोन, श्यामला आणि प्रमोदिनी, आणि दोघींशी बोलायचं तर सर्वांसमक्ष, कामापुरतं, ‘मिस’ म्हणून. श्यामलेनं वही घेतली, मान खाली घातली आणि खिडकीपाशी कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. वह्या प्रयोगशाळेबाहेर न्यायच्या नाहीत हा आणखी एक नियम. त्यामुळं ती वाचत होती तेव्हा वहीचा मालक चार टेबलं पलीकडं पाठमोरा उभा होता. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा ओला डाग होता. तो तिनं पाहिला आणि मग पुन्हा पान पहिलं काढलं.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. तिला तो आवडायचा. दोन वर्षं आवडत होता. त्यानं तिच्याशी या दोन वर्षांत बोललेली वाक्यं तिला पाठ होती, आणि ती पाठ करायला फार वेळ लागावा इतकी नव्हती. घरी राजारामपुरीत दादांना, म्हणजे तिच्या वडिलांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस, लेकीला सायन्सला घातलं म्हणून सगळ्या नातेवाइकांशी भांडून बसला होता. “माझ्या मुलीचं नाव कॉलेजात पोरांच्या तोंडी आलं की मी हरलो,” एवढंच त्यांनी एकदा म्हटलं होतं. तेव्हापासून ती पायाच्या अंगठ्याकडं बघत चालायची.

जोतीरामची वही गुळाची होती. म्हणजे विषय गूळ. मुरगूडकडच्या बारा गुऱ्हाळांवरून त्यानं गुळाचे बारा नमुने आणले होते आणि प्रत्येकात साखर किती, त्यातली फेहलिंगच्या निळ्या द्रावणाला लाल करणारी किती, ते काढत होता. वहीच्या पानांनासुद्धा गुळाचा वास होता. एका पानावर तपकिरी बोट उमटलं होतं आणि त्याच्या शेजारी त्यानं लिहिलं होतं, ‘डाग नमुना ३ चा. आकड्यांवर परिणाम नाही.’ श्यामला हसली. डागाचीही नोंद! इंग्रजी मोडकं होतं, अक्षर शेतातल्या सरीसारखं एका बाजूला झुकलेलं, पण माणूस प्रामाणिक. ब्युरेटचा सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, मग वजाबाकी. ‘उकळी जास्त गेली, वाचन रद्द’ असं लिहून एक रेघ, आणि रेघेखाली रद्द आकडा स्वच्छ वाचता येतोय. लपवाछपवी नाही.

तिनं पेन्सिल काढली. पान बारावर तारीख नव्हती. तिनं लिहिलं, ‘तारीख?’ पान सत्तावीसवर नुसतीच वजाबाकी होती. ‘मूळ दोन वाचने कुठे आहेत?’ त्या दिवशी जाताना वही तिनं सरांच्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उघडली तर शाईत उत्तरं होती. ‘नक्की तारीख आठवत नाही. १० आणि १४ जानेवारी यांच्यामध्ये. ११ मार्च १९५३.’ आणि दुसऱ्याखाली, ‘मूळ वाचने लिहिली नव्हती. हे वाचन हिशेबातून काढले. ११ मार्च १९५३.’

कोरडी ठणठणीत उत्तरं. पण तिनं ती चार वेळा वाचली. जगात कुणी तिला पत्र लिहिलं नव्हतं, हे पहिलंच. आणि बघा की, तारीख माहीत नसती तर दुसऱ्या एखाद्यानं खुशाल बारा जानेवारी ठोकून दिली असती. यानं नाही ठोकली.

वहीवर बरंच काही अवलंबून होतं. बंगळूरला साखरेच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एका मुलाची जागा होती. सरांनी जोतीरामचं नाव कळवलं होतं, आणि तिथल्या साहेबांनी निकाल नको, वही पाठवा, असं लिहिलं होतं. शनिवारी वही टपालात पडायची होती. तपासणाऱ्याची सही नसली तर वही जाणार नव्हती. म्हणजे श्यामला अळतेकरनं सही केली की जोतीराम बंगळूरला, नाही केली तर इथंच कॉलेजात, नाहीतर मुरगूडला बापाच्या उसात. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं आणि तिला तर पुरतं ठाऊक होतं.

गुरुवारी ती पान त्रेचाळीसवर आली.

तारीख होती, ८ फेब्रुवारी. नमुना सात. आकडे पुरते. पण खाली हिशेबात फेहलिंगचा फॅक्टर, म्हणजे त्या निळ्या द्रावणाचा जोर, आधीच्या बेचाळीस पानांत ०.०५१८ होता, तो इथं अचानक ०.०४९६ झाला होता. का झाला, याचा एक शब्द नाही. नवं द्रावण केलं म्हणावं तर त्याचं वजन नाही, त्याचं प्रमाणीकरण, म्हणजे जोर मोजल्याची वाचनं, नाहीत, काही नाही. तिथून नमुना बारापर्यंत सगळे हिशेब त्या नव्या आकड्यावर. बंगळूरच्या साहेबानं पाहिलं तर तो हेच म्हणणार की पोरानं उत्तरं जुळवली.

श्यामलेनं पेन्सिल खाली ठेवली. तो आकडा तिचा होता.

आठ फेब्रुवारी रविवार होता. तिचा मागे पडलेला प्रयोग पुरा करायला सरांनी तिला प्रयोगशाळा उघडून दिली होती, पिराजी दाराशी स्टुलावर बसून सुपारी कातरत होता. जोतीरामही आला होता. त्याचे सहा नमुने गाळून, साखर फोडून तयार होते, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारे नव्हते. आणि नेमकी त्याची निळ्या द्रावणाची बाटली तडकली. सगळं टेबल निळं झालं. तो नुसता बघत उभा राहिला होता, औत मोडलेल्या माणसासारखा. मग श्यामला उठली, स्वतःची बाटली घेतली, त्याच्या टेबलावर निम्मं द्रावण ओतून ठेवलं आणि म्हणाली, “परवाच केलंय. फॅक्टर आज सकाळी काढला. शून्य पूर्णांक शून्य चार नऊ सहा.”

तो म्हणाला, “लई उपकार झालं, मिस.”

एवढंच. पण तिनं त्या दिवशी घरी जाताना वाट वाकडी करून रंकाळ्याला फेरी मारली होती.

आणि या पठ्ठ्यानं काय केलं? आकडा घेतला आणि तिला गाळलं. गुळाच्या डागाला या वहीत जागा मिळाली, तिला नाही. इतका राग श्यामलेला कधी कुणाचा आला नव्हता.

प्रमोदिनी जवळ आली, पान बघून तिच्या लगेच ध्यानात आलं. त्या रविवारची गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. ती पुटपुटली, “सही कर आणि मोकळी हो. कोण बघतंय?”

“बंगळूरचे बघतील.”

“आकडा खरा आहे ना? मग? विचारशील तर त्याला तुझं नाव लिहावं लागेल. रविवार, रिकामी लॅब, तू आणि तो. पिराजी होता हे कोण सांगणार? शिवाजी पेठेतल्या तालमीपर्यंत जाईल गोष्ट. दादांना काय सांगशील?”

प्रमोदिनी गेली आणि श्यामलेनं पेन्सिल पुन्हा उचलली. तिच्या मनात दादा होतेच. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती तिनं प्रमोदिनीला सांगितली नाही. प्रश्न विचारला आणि त्यानं उत्तर नाही दिलं, तर वही अडकेल. वही अडकली तर तो जाणार नाही. जून उजाडला की एम. एस्सी.ला किंवा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून इथंच, चार टेबलं पलीकडं. तिला ते इतकं हवं होतं की तिला स्वतःची भीती वाटली. मी चूक शोधतेय की त्याला धरून ठेवतेय? वही दुसऱ्या कुणाची असती तर? तिनं डोळे मिटून खरोखरच दुसऱ्याची वही डोळ्यांसमोर आणली. दुसऱ्याची असती तर विचारलं असतं. एका क्षणात विचारलं असतं.

मग तिनं समासात लिहिलं, ‘फॅक्टर बदलला. कारण? द्रावण कोणाचे? प्रमाणीकरणाची मूळ वाचने कुठे?’ आणि वही स्वतः नेऊन त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इकडंतिकडं बघून तो हलक्या आवाजात म्हणाला, “मिस, एवढा एक प्रश्न पुसता का?”

“पेन्सिलचंही पुसायचं नसतं.”

“माझ्याकडं आणि रविवार न्हाईत. पुन्यांदा केलं असतं, सहाच्या सहा. पर उरलेला गूळ ह्या भाद्दरांनी खाऊन टाकला की. शेंगदाण्यासंगं.” त्यानं मागच्या बाकाकडं मान हलवली.

एरवी ती हसली असती. “पुन्हा करायची गरज नाही. जे झालं ते लिहा.”

“तुमचं नाव लिवावं लागंल.”

“लिहा.”

“रविवार हाय त्यो. तारीख बघून कुनीबी वार काढंल. ही पोरं कशी हायत तुमास्नी ठावं न्हाई. मी तुमच्यासाठनं गाळलं, मिस. त्या दिवशी पेन उचाललेला, नाव लिवनार व्हतो. मग म्हटलं, न्हाई. आपल्यापायी त्यांच्या घरात इस्तू पेटाया नको.”

म्हणजे विसरला नव्हता तर. जाणूनबुजून, पेन उचलून, मग खाली ठेवून. तिचा राग कुठल्या कुठं पळाला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते रागापेक्षा सोसायला जड होतं. तरी ती म्हणाली, “मी सांगितलं होतं का गाळायला?”

“न्हाई.”

“मग माझ्या नावाचं काय करायचं ते माझं मी बघीन. तुम्ही तुमची वही बघा.”

तो मान खाली घालून लिहायला लागला. ती शेजारी उभी राहिली, सगळ्या वर्गादेखत, आणि तिनं पहिल्यांदा मान वर ठेवली. त्यानं लिहिलं, ‘उशिरा केलेली नोंद. ८ फेब्रुवारी रोजी माझी बाटली तडकली. नमुना ७ ते १२ साठी कु. श्यामला अळतेकर यांनी तयार केलेले व त्याच दिवशी प्रमाणित केलेले द्रावण वापरले. फॅक्टर त्यांनी तोंडी सांगितला. मूळ वाचने त्यांच्या वहीत. हा बदल त्या दिवशी नोंदला नाही, ही माझी चूक. १२ मार्च १९५३.’ मग विचारलं, “तुमच्या वहीचं पान कितवं?”

“एकतीस.” तिनं कपाटातून स्वतःची वही आणली आणि त्याच्यासमोर उघडली.

आठ फेब्रुवारी. तीन वाचनं, सुरुवातीची, शेवटची. फॅक्टर ०.०४९६. सगळं नेटकं. शेजारी प्रमोदिनीची तपासणीची सही, ‘सर्व ठीक’. आणि खाली द्रावणाचा जमाखर्च, कारण बनवलेलं द्रावण कुठं गेलं तेही सरांना लागायचं. ‘तयार केले ५०० मिलिलिटर. वापरले ५०. शिल्लक २००.’

जोतीरामनं बोट ठेवलं. “अडीचशे कुटं गेलं?”

श्यामलेनं मनातल्या मनात वजाबाकी केली. पाचशेतून पन्नास गेले तर साडेचारशे राहायला हवेत. दोनशे खरे होते, तिनं बाटली बघूनच लिहिलं होतं. मधले अडीचशे नव्हते. तिलाही तो क्षण आठवला. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं, ‘श्री. भारमल यांना’ इतकं मनात तयार होतं, आणि तिनं ते लिहिलं नव्हतं. दादांच्या भीतीनं म्हणा, की आपलं मन कागदावर दिसेल या भीतीनं म्हणा. गुन्हा तोच, तारीख तीच. आणि ही बया दिवसभर त्याच्यावर जळत होती.

“तुमीबी गाळलं की,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट इतका आनंद होता की तिला त्याच्याकडं बघवेना.

त्यानं तिची पेन्सिल उचलली, तिच्या समासात लिहिलं, ‘२५० मि.लि. कोणास?’ आणि वही तिच्याकडं सरकवली. तिनं शाईनं लिहिलं, ‘उशिरा केलेली नोंद. श्री. जोतीराम भारमल यांना दिले. १२ मार्च १९५३.’ ‘भारमल’मधला ‘म’ फाटला. तिनं त्यावर एक रेघ मारली आणि पुन्हा लिहिला. खालचा वाचता येत होता.

मागून कुणीतरी शीळ घातली. निपाणीकर सर खोलीतून बाहेर आले, शीळ घालणाऱ्याकडं असं बघितलं की तो बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. सरांनी दोन्ही वह्या ओढल्या आणि उभ्यानंच वाचल्या. आधी त्रेचाळीस, मग एकतीस, मग पुन्हा त्रेचाळीस.

“प्रमोदिनीबाई,” ते गरजले, “साडेचारशे आणि दोनशे तुम्हाला सारखे दिसतात काय? उद्या सगळी वही पुन्हा तपासा.” मग या दोघांकडं वळले. “रविवारी लॅब मी उघडून दिली होती आणि पिराजी तिथं होता. हे मी माझ्या वहीत त्याच दिवशी लिहिलंय. कुणाला शंका असेल तर येऊन वाचावं.” एवढं सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलून त्यांनी वह्या परत दिल्या. “शेवटचं पान पुरं करा. शनिवारी टपाल आहे.”

श्यामलेनं शेवटच्या पानावर पेन्सिलनं तो ठरलेला प्रश्न लिहिला. ‘आणखी काही नोंदायचे राहिले आहे काय?’

शुक्रवारी तिनं पान उघडलं. तिला वाटलं होतं ‘नाही’ असेल. सगळ्यांचं असतं. तिथं शाईत, त्याच झुकलेल्या अक्षरात, या वेळी मराठीत लिहिलं होतं, ‘राहिले आहे. ते या वहीत बसणारे नाही. १३ मार्च १९५३.’

तो समोर काचेची भांडी धुऊन पिराजीच्या हवाली करत होता, कायमची. पाठ तिच्याकडं होती. ही पाठ आता सोमवारपासून दिसणार नव्हती, आणि आपण स्वतःच्या हातानं तिला बंगळूरला धाडतो आहोत, हे तिला कळत होतं. तिनं सहीची जागा शोधली. सही केली, तारीख घातली. मग पेन्सिल घेऊन त्याच्या उत्तराखाली, समासात, एकच शब्द लिहिला. ‘कधी?’

सरांनी पान पाहिलं. चष्मा वर केला. “याचं उत्तर शाईत आलेलं नाही.”

“नाही, सर.”

“हा काही प्रयोगाचा प्रश्न दिसत नाही.”

सरांचा हात टेबलावरच्या खोडरबराकडं गेला, ते जप्त केलेलं होतं, कुणा पोराचं. पण त्यांनी ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर बंद केला आणि सही ठोकली. “नियम म्हणजे नियम. पेन्सिलचं पुसायचं नाही. पिराजी, पुडकं बांध.”

शनिवारी वही गेली, पुढल्या महिन्यात तोही गेला. निरोप असा झालाच नाही. स्टँडवर जायचं तिनं कुठल्या तोंडानं? दादांच्या कानावर गोष्ट गेली होती. त्यांनी प्रयोगशाळेत येऊन तिची वही मागितली, पान एकतीस वाचलं, बेरीज स्वतः करून बघितली, आणि “आता जुळतं,” एवढंच म्हणून परत दिली.

ती त्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झाली. दर मार्चात नवी पोरं वह्या बदलतात आणि तीच त्यांना नियम समजावून सांगते: प्रश्न पेन्सिलनं, उत्तर शाईनं, खाली उत्तर दिलं त्या दिवसाची तारीख. उशीर झाला तरी चालेल, मागची तारीख घालायची नाही. हे सांगताना तिचा आवाज जरा बदलतो, पण पोरांना ते कुठं कळतंय. टपाल आलं की पिराजी तिच्या टेबलाशी येऊन उगाच रेंगाळतो आणि म्हणतो, “आज बी काय न्हाई, बाई.”

“असू दे,” ती म्हणते. “प्रश्न पुसलेला नाही.”